वॉर्निंग लेटर लिहिताना

तू दाखवलेल्या मसुद्यात 'तुम्ही बेजबाबदार आहात, सतत उशिरा येता' असं लिहिलंय. ते आधी काढ. विशेषणं सिद्ध करता येत नाहीत, तारखा येतात.

समज, सातची पहिली शिफ्ट आहे आणि ऑपरेटर महिन्यात तीनदा उशिरा आला. पहिली ताकीद तोंडी, एकट्याला बाजूला घेऊन. त्याचं पत्र नसतं, पण तारीख आणि काय बोललो याची दोन ओळींची नोंद त्याच दिवशी ठेव. नोंद नसेल तर पुढच्या पत्राला आधार राहत नाही.

पुन्हा घडलं की आधी खुलासा माग, मगच लेखी ताकीद. त्यात असं लिही: 'आपण ३, ९ व १४ तारखेला अनुक्रमे ७.२५, ७.४० व ७.३० वाजता हजर झालात. याबाबत आपणास तोंडी समज दिली होती. आपला खुलासा समाधानकारक वाटला नाही. यापुढे वेळेवर हजर राहावे.' स्थायी आदेशातलं, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांतलं, कलमही नमूद कर.

अंतिम ताकिदीत नवी घटना आणि आधीच्या पत्रांच्या तारखा दोन्ही हव्यात. इथेच बहुतेक जण चुकतात, 'पुढच्या वेळी कामावरून काढू' असं लिहितात. चौकशीआधीच निर्णय झाला होता, असा त्याचा अर्थ कामगार न्यायालयात लावला जातो. 'पुनरावृत्ती झाल्यास स्थायी आदेशानुसार शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल' एवढंच पुरे. बडतर्फीसाठी आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी लागतेच.

पत्र घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तशी नोंद कर आणि प्रत स्पीड पोस्टने घरी पाठव.