गोपनीय, पण कोणापासून?

“ताई, आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीची मी अध्यक्ष झाले आणि दोनच महिन्यांत लैंगिक छळाची पहिली तक्रार हातात आली. कागद त्याला दाखवले तर तिचं नाव सगळीकडे होईल, नाही दाखवले तर तो म्हणेल मला बोलूच दिलं नाही. रात्रीची झोप उडाली आहे. दोघांवरही अन्याय न करता ही चौकशी कशी करायची?”

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या समितीवर मी बाहेरची सदस्य होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिथली पहिली चूक चौकशी सुरू व्हायच्या आधीच झाली. एचआरमधल्या मुलाने समितीच्या बैठकीचं निमंत्रण कॅलेंडरवर टाकलं आणि विषयात लिहिलं, ‘पॉश तक्रार, क्वालिटी विभाग’. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. ते कॅलेंडर अर्ध्या ऑफिसला दिसायचं. क्वालिटीत बायका तीनच. दुपारच्या चहापर्यंत कॅन्टीनमध्ये नाव ठरलं होतं, आणि तेही चुकीचं.

गुपितं फुटतात ती अशी. कोणी मुद्दाम चुगली करायची गरज नसते. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, त्या कोणत्या प्रिंटरवर निघाल्या इथपासून विचार करावा लागतो. त्यानंतर आम्ही फाइलवर नावाऐवजी क्रमांक घातला आणि काचेच्या मीटिंग रूमऐवजी ट्रेनिंगची मागची खोली घेतली. दोन साक्षीदार दारात समोरासमोर येऊ नयेत म्हणून मध्ये अर्धा तास ठेवला. एक अडचण तर कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. लाइन सोडून यायला तक्रारदार मुलीला सुपरवायझरची सही लागायची, आणि तक्रार त्याच सुपरवायझरविरुद्ध होती! शेवटी प्लांट हेडने तिचं नाव ट्रेनिंगच्या यादीत घातलं.

समितीतले एक सदस्य रोज त्याच सुपरवायझरबरोबर डबा खायचे. माणूस सरळ होता, तरी आम्ही त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि तशी नोंद केली. अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असले की चौकशी चालते, त्यामुळे काम अडलं नाही.

मुलगी प्रोबेशनवर होती आणि तिचा अहवाल तोच सुपरवायझर लिहिणार होता. चौकशी संपेपर्यंत तिच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून घ्यायची शिफारस समिती करू शकते, पण त्यासाठी तक्रारदाराची लेखी विनंती लागते. म्हणून आधी तिलाच विचारलं. एचआरला तिची बदली करायची होती. ती म्हणाली, “मॅडम, मी का जाऊ?” तिचं बरोबर होतं. ती जागेवर राहिली, अहवाल दुसऱ्याने लिहिला.

आता तुमचा खरा पेच. आमच्या अध्यक्षही तिथेच अडल्या होत्या. मुलीने तक्रारीला त्याचे मेसेज जोडले होते. “मेसेज त्याला दाखवायचे नाहीत, गोपनीय आहेत,” असं त्या ठामपणे म्हणत होत्या. पण कायद्यातली गोपनीयता लोकांपासून आणि वर्तमानपत्रांपासून आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापासून आरोपच लपवला तर तो उत्तर कशाचं देणार? तक्रार आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत त्याला द्यावी लागते आणि उत्तराला त्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. आम्ही तिचा घरचा पत्ता आणि फोन नंबर झाकून बाकी सगळं दिलं, पोच घेतली, आणि कागद कोणालाही दाखवणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. (उलटीही एक चूक होते. काही समित्या मुलीला ‘घरीसुद्धा बोलायचं नाही’ अशी तंबी देतात. आईशी किंवा समुपदेशकाशी बोलणं म्हणजे बोभाटा नव्हे.)

त्याचं उत्तर आलं: मेसेज कामाचे होते, आणि मी तिला कमी गुण दिले म्हणून ही सूडाची तक्रार आहे. असं उत्तर आलं की चिडायचं नाही, तारखा लावायच्या. गुण दिले होते शेवटच्या मेसेजनंतर तीन आठवड्यांनी. रात्री अकरानंतरच्या मेसेजमध्ये कामाचा एक शब्द नव्हता.

तिचा जबाब घेताना आधी तिला सलग बोलू दिलं, प्रश्न नंतर. तिच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली, मग पानापानावर सही घेतली. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न एका सदस्याच्या ओठांवर आला होता, तो मी तिथेच अडवला. उलटतपासणी समोरासमोर घेतली नाही. त्याने अकरा प्रश्न लिहून दिले. त्यातले चार तिच्या मोडलेल्या लग्नाबद्दल होते. ते का वगळले याचं कारण इतिवृत्तात लिहिलं, उरलेले सात आम्ही तिला विचारले आणि तिची उत्तरं त्याला लेखी दिली. वकील दोघांनाही आणता येत नाही, ते सुरुवातीलाच सांगितलं होतं.

स्टोअररूममध्ये अंगचटीला येण्याचा आरोप सगळ्यात गंभीर, आणि पाहिलेलं कोणीच नाही. अशा वेळी समित्या हात टेकतात. पण इथे फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही, घडल्याची शक्यता जास्त की न घडल्याची, हे तोलायचं असतं. तो म्हणत होता, “त्या दिवशी मी स्टोअरला गेलोच नाही.” माल दिल्याच्या रजिस्टरवर संध्याकाळी ५:४० ला दोघांच्याही सह्या होत्या. त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तिने रडत मैत्रिणीला सांगितलं होतं, आणि मैत्रिणीचा जबाब तिच्या जबाबाशी जुळत होता, शब्दन् शब्द मात्र नाही. शब्दन् शब्द जुळला असता तर मला उलट शंका आली असती.

निष्कर्ष कायम करण्याआधी दोघांनाही दिले. त्याने हरकत घेतली की रजिस्टरमधल्या वेळा शिफ्ट संपताना घाईत भरतात. अध्यक्षा वैतागल्या, कारण नव्वद दिवसांतले बहात्तर गेले होते. तरी स्टोअरकीपरला बोलावलं. त्याने सांगितलं, सही आणि वेळ झाल्याशिवाय माल खिडकीबाहेर जात नाही. चार दिवस गेले, पण त्यानेच अहवाल टिकला. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये सुनावण्या घाईने उरकल्या गेल्या. आरोपी प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच्यावरची कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रारदार मुलींच्या वाट्याला चौदा वर्षं काय आलं असेल?

आमच्या प्रकरणात मेसेज आणि स्टोअररूम हे दोन आरोप सिद्ध झाले. दिवाळीच्या जेवणातल्या शेऱ्याचा तिसरा सिद्ध झाला नाही, ऐकलेलं कोणी सापडलं नाही. ‘मग ते खोटं होतं, तिच्यावरही कारवाई करा,’ असं व्यवस्थापनातून विचारलं गेलं. पुरावा न मिळणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कायद्यातच आहे आणि अहवालातही आम्ही ते स्पष्ट लिहिलं. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल गेला. मालकाला कारवाईसाठी साठ दिवस असतात, तिथे त्यांनी जवळजवळ सगळे घेतले.

नंतर एकदा कॅन्टीनमध्ये जिचं नाव चुकून ठरलं होतं, ती बाई मला भेटायला आली. “माझी तक्रार नव्हती, एवढं तरी सांगा ना सगळ्यांना,” म्हणाली. विभागात तिघीच. ती नाही असं सांगितलं असतं, तर उरलेल्या दोघींकडेच बोट गेलं असतं. तिला मी पाणी दिलं आणि बसवून घेतलं, सांगता काहीच आलं नाही.