रजिस्ट्रेशनचे 1,999 भरू नकोस

अरे, काल रंकाळ्यावर तू मोबाईल पुढं करून म्हणालास ना, दादा इंटर्नशिपच्या रजिस्ट्रेशनचे फक्त 1,999 तर आहेत आणि ते पण रिफंडेबल, तेव्हा मी जरा जोरातच ओरडलो तुझ्यावर, पण त्याचं मला वाईट वाटत नाही. इंटर्नशिप म्हणजे काम तू करणार, मग पैसे त्यांच्याकडनं तुझ्याकडं यायचे, तुझ्याकडनं त्यांच्याकडं नाहीत. रजिस्ट्रेशन म्हण, ट्रेनिंग डिपॉझिट म्हण, लॅपटॉपची सिक्युरिटी म्हण, नाव बदललं म्हणून पैशाची दिशा बदलत नाही.

रात्री तुझ्या ऑफर लेटरची पीडीएफ नीट बघितली. वर लिहिलंय 2011 पासून सेवेत, आणि खाली बारीक अक्षरात सीआयएन दिलाय. कंपनीचा हा नंबर 21 अक्षरी असतो आणि त्यात नवव्या ते बाराव्या जागेवरचे आकडे म्हणजे कंपनी नोंदवल्याचं वर्ष. मोजून बघ, तुझ्या पत्रात तिथं 2024 आहे! आता समज, वर्ष जुळलं असतं तरी मी भर म्हणालो नसतो, कारण खऱ्या कंपनीचा नंबर उचलून कुणीही आपल्या लेटरहेडवर टाकू शकतं, आणि नोंदणी असलेली कंपनी पण फसवू शकतीच की. ईमेल बघ, एवढी मोठी कंपनी आणि पत्ता जीमेलचा. त्यांनी दिलेला यूपीआय आयडी टाकल्यावर पैसे जायच्या आधी जे नाव दिसतं ते कंपनीचं नाही, कुणातरी माणसाचं आहे, ते तू वाचलंस पण मनावर घेतलं नाहीस. इंटरव्ह्यू व्हॉट्सॲपवर सात मिनिटं, आणि लगेच आज सहाच्या आत भरा नाहीतर सीट जाईल. सीट जाऊ दे की लेका!

मी 2009 ला पुण्यात 3,500 भरले होते, ट्रेनिंग डिपॉझिट म्हणून, आईनं दुधाच्या बिलातनं बाजूला काढलेले. पावतीवर शिक्का होता, त्या शिक्क्यावर माझा विश्वास बसला. महिन्यानं गेलो तर शटरला कुलूप, आणि मी आईला दोन वर्षं सांगत राहिलो की पैसे अडकलेत, येतील. तेवढ्यासाठीच मी या बाबतीत हट्टी झालोय, म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते.

एकदा भरलंस की पुढची मागणी येतीच, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस दुसऱ्यांदा भरतो.

तुझ्या मित्रानं भरलेत म्हणालास, त्याला आजच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावायला सांग, पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवून, आणि cybercrime.gov.in वर तक्रार पण टाकायला सांग, बँकेला पण कळवू दे. जेवढा उशीर तेवढे पैसे एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात पुढं जातात. लाजत बसू नको म्हणावं, मी बसलो होतो.

आणि तू उद्या संध्याकाळी राजारामपुरीत ये, त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरनं नंबर काढून आपण दोघं फोन लावू. पत्रातल्या नंबरला नाही.