‘काळजी नसावी’ आणि ‘खुशाल’

“फौजेतल्या मुलाचं चार ओळींचं पत्र आई वाचते, असं गाणं लिहितोय. चाल अभंगाची. पत्रात ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ असं आहे. ‘नसावी’ कारकुनी वाटतं, तिथे ‘करू नकोस’ घालू का? आणि ‘खुशाल’ म्हणजे ‘बिनधास्त’ ना? मग ते इथे कसं?”

‘नसावी’ काढू नका. ‘काळजी करू नकोस’ हे मुलगा समोर उभा राहून बोलतो. ‘काळजी नसावी’ यात ‘तू’ही नाही आणि ‘करणं’ही नाही. आपण पत्रात असंच लिहीत आलो: लोभ असावा, कळावे, काळजी नसावी. म्हणून ते शब्द कानाला कागदाचे लागतात, आणि तुमच्या गाण्यातली आई कागदच वाचते आहे.

शिवाय या रूपाला दोन अर्थ आहेत. ‘स्वयंपाकघरात चप्पल नसावी’ म्हटलं की तो दंडक होतो. ‘तो घरी नसावा’ म्हटलं की तो अंदाज होतो. मुलाने पहिल्या अर्थाने लिहिलं, पण आईला दुसराही ऐकू येऊ शकतो: मला काळजी नसावी, असं वाटतं की काय याला? ‘करू नकोस’ लिहिलंत की ही दुसरी वाट बंद होते.

‘खुशाल’ मुळात फारसी, ‘खुश’ आणि ‘हाल’ मिळून. मधला ‘ह’ मराठीत गळला. त्याचा जुना अर्थ ‘बऱ्या स्थितीत असलेला’, तोच ‘खुशाली’त टिकला आहे. क्रियापदाआधी येऊन परवानगी देणारा ‘खुशाल’ (‘खुशाल जा’, ‘खुशाल घे’) हा त्याचा दुसरा वापर. पुढे ‘आहे’ असेल तर पहिला अर्थ, ‘जा, घे, कर’ असेल तर दुसरा, त्यामुळे घोळ होत नाही. माझ्या आत्याचा मुलगा पलटणीत होता. ती इनलँडची कड सुईने सोडवायची, कारण आतल्या घडीवरही तो दोन शब्द लिहायचा आणि फाडलं तर ते जायचे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “खुशाल हाय म्हणतोय.” एवढं झालं की चष्मा काढायची.

आता चाल. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ‘मी खुशाल आहे’ मोजून पाहा, ६. ‘काळजी नसावी’, तेही ६. ‘काळजी करू नकोस’ मात्र ८ होतं. म्हणजे पत्राची ओळ एक अक्षरही न बदलता चालीत बसते:

मी खुशाल आहे, काळजी नसावी,
तीनदा वाचावी, ओळ एक.

पहिली ओळ मुलाची, दुसरी आईची, आणि दोघांची ‘-वी’ सारखीच. यमक मुद्दाम शोधावं लागलं नाही, पत्राच्या व्याकरणातूनच ते आलं.

पुढच्या कडव्यासाठी पत्ता बघा. फील्डमधल्या जवानाच्या पत्त्यात ठिकाण नसतं. युनिटचं नाव आणि पुढे ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा आकडा. आईच्या हातात गावाच्या जागी एक आकडा येतो. ‘हिमशिखरे’, ‘रणभूमी’ हे शब्द तिला कुठून मिळणार? ती आकडाच वाचेल:

छप्पन एपीओ, गाव ना शिवार,
थंडी तिथे फार, असेल का?

‘छप्पन एपीओ’ बोलीप्रमाणे मोजलं तर तेही ६. शेतकऱ्याच्या घरात गावाला जोडून येणारा शब्द ‘शिवार’च. तो असला की ‘दूर देशी’ वगैरे लिहावं लागत नाही. तिसऱ्या कडव्यात ‘खुशाल’चे दोन्ही वापर एकत्र आणता येतील. निरोप देताना तिने एक वापरला होता, पत्रातून दुसरा आला:

‘खुशाल जा, बाळा’, मीच म्हटलेलं,
फिरून आलेलं, पत्रातून.

इथे ‘माता’, ‘वीरपुत्र’ आले तर ओळ आईच्या तोंडून निसटून सत्कार समारंभात जाते. ओळखायला एकच कसोटी पुरे: तो शब्द ती शेजारणीशी बोलताना वापरेल का? ‘बाळा’ वापरेल. ‘सुपुत्रा’ नाही.

चौथ्या चरणाची ४ अक्षरं गाताना अपुरी वाटतील आणि ‘गं’, ‘रे’ भरून ती ६ करावीशी वाटतील. तसं करू नका. ‘ओळ एक’नंतर जी दोन अक्षरांची जागा उरते, तेवढ्यात आई पत्र पुन्हा वरपासून वाचायला घेते.