थंडीत रेंज कमी होते, मग बॅटरी खराब होते का?

प्रश्न: पुण्यात डिसेंबरमध्ये सकाळी माझी इलेक्ट्रिक स्कूटर ९० ऐवजी ७५ किलोमीटरच जाते. थंडीने बॅटरी कायमची बिघडते का?

नाही, घाबरू नका. मी इथेच पुण्यात बॅटरीच्या सेल टेस्टिंगचं काम करतो. थंडीत गाडी चालवणं आणि थंडीत बॅटरी चार्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरं नुकसान चार्जिंगमध्ये होतं.

आधी रेंजचं बघू. गारठ्यात सेलच्या आतलं द्रावण घट्टसर होतं, लिथियमचे आयन सावकाश सरकतात आणि सेलचा आतला रोध वाढतो. समजा सेल ३.४ व्होल्टवर आहे आणि तुम्ही १० अँपिअर ओढताय. रोध २० मिलीओहम असेल तर ०.२ व्होल्ट पडतात. तोच ४० झाला, तर ०.४ पडतात आणि सेल ३ व्होल्टच्या कटऑफला, म्हणजे जिथे पुरवठा थांबवला जातो त्या पातळीला टेकतो. आत चार्ज उरलेला असतो, पण तो बाहेर काढता येत नाही. शिवाय १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के जड असते, तेवढा वाऱ्याचा विरोधही वाढतो. ऊन वाढलं की हे सगळं भरून येतं.

चार्जिंगचं तसं नाही. चार्ज करताना आयनांना सेलच्या ऋण बाजूला असलेल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरायचं असतं. ग्रॅफाइट भरत आलं की त्याचं विभव लिथियम धातूच्या जेमतेम ०.१ व्होल्ट वर असतं. गारठ्यात शिरण्याचा वेग मंदावतो, पण चार्जर तर आयन ढकलतच राहतो. मग ही ०.१ ची फट संपते आणि लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. यालाच लिथियम प्लेटिंग म्हणतात.

उणे १० अंशांवर जोरात चार्ज केलेला एक सेल मी प्रयोगशाळेतल्या हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला होता. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट सुंदर सोनेरी दिसतं. त्यावर करडे-चंदेरी डाग पडले होते. त्यातलं थोडं लिथियम पुढच्या डिस्चार्जमध्ये परत येतं, बाकीचं संपर्क तुटून मृत होतं. ती क्षमता कायमची जाते. डाग सुईसारखे वाढत सेलच्या दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या सेपरेटरपार गेले, तर शॉर्टसर्किटची भीती असते, आणि ती मला कमी लेखवत नाही.

पुण्याच्या १० अंशांत घरच्या चार-पाच तासांच्या चार्जरने हे सहसा होत नाही. धोका शून्याखाली, किंवा थंडगार बॅटरीला फास्ट चार्जर लावला तर असतो. म्हणूनच अनेक गाड्यांची बॅटरी सांभाळणारी बीएमएस यंत्रणा शून्याखाली चार्जिंग रोखते किंवा फार हळू करते. हिमाचलमधल्या स्पीतीला गाडी नेणार असाल, तर रात्री मुक्कामाला पोहोचताच, पॅक कोमट असतानाच चार्जिंगला लावा, सकाळवर ढकलू नका.

मार्चमध्ये एकदा पूर्ण चार्ज करून, टायरची हवा तपासून, त्याच रस्त्यावर रेंज मोजा. ९०च्या आसपास परत आली तर तो फक्त गारठा होता. तरीही ७५च राहिली, तर सर्व्हिस सेंटरला पॅकची क्षमता मोजायला सांगा.