छेदाच्या प्रश्नासाठी पायऱ्यांचा कागद: एक चौरस पिरॅमिड, पहिल्या रेषेपासून ट्रू शेपपर्यंत

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोजेक्शन आणि सेक्शनची उजळणी करायला पायऱ्यांचे कागद लिहून काढतोय, पण प्रश्न थोडा बदलला की मधेच अडतो. कागदावर नेमकं काय लिहू?

उत्तर:

मी हा विषय शिकवतो. विद्यार्थ्यांच्या अशा कागदांवर मला बहुतेक वेळा फक्त कृती लिहिलेली दिसते: अमुक रेषा काढा, तमुक बिंदू खाली आणा. प्रश्न बदलला की कृती बदलते आणि कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे पायरी आणि ती तशीच का घ्यायची याचे कारण एका वाक्यात लिहावे, उजवीकडे ती पायरी बरोबर आली हे पट्टीने किंवा नजरेने कसे तपासायचे ते लिहावे. प्रत्येक घनाकृतीसाठी वेगळा कागद करण्यापेक्षा एकच नीट निवडलेला प्रश्न या पद्धतीने शेवटपर्यंत सोडवलेला असणे मला जास्त उपयोगाचे वाटते, आणि तो असा निवडावा की त्यात अडण्याची खरी जागा येईल.

असा एक प्रश्न घेऊ. चौरस पिरॅमिडची पायाची बाजू ४० मिमी आणि अक्ष ७० मिमी आहे. पाया एचपीवर टेकलेला असून पायाच्या सर्व बाजू व्हीपीशी सारख्या कललेल्या आहेत. व्हीपीला लंब आणि एचपीशी ४५ अंशांनी कललेले छेदप्रतल अक्षाच्या मध्यबिंदूतून जाते. फ्रंट व्ह्यू, सेक्शनल टॉप व्ह्यू आणि छेदाचा ट्रू शेप काढायचा आहे. आपण फर्स्ट अँगल पद्धत वापरत आहोत, म्हणजे फ्रंट व्ह्यू एक्सवाय रेषेच्या वर आणि टॉप व्ह्यू खाली येईल.

कागदावरची पहिली ओळ अशी असावी: आधी न कापलेली आकृती पूर्ण काढायची, तीही फिकट रेषांनी. पुढचा प्रश्न असतो की कोणता व्ह्यू आधी काढायचा. अक्ष ज्या प्रतलाला लंब असतो, त्या प्रतलावर पायाचा खरा आकार दिसतो, आणि तोच व्ह्यू आधी काढावा लागतो. इथे अक्ष एचपीला लंब आहे, म्हणून टॉप व्ह्यू आधी. एक्सवायच्या खाली ४५ मिमीवर ओ हा मध्य घ्या आणि सेटस्क्वेअरने ४५ अंशांच्या बाजू असलेला ४० मिमीचा चौरस काढा. डावा कोपरा ए, निरीक्षकाकडचा म्हणजे एक्सवायपासून सर्वांत लांबचा बी, उजवा सी आणि मागचा डी असू द्या. चारही कोपरे ओला जोडले की कडांचा टॉप व्ह्यू झाला. मग प्रोजेक्टर वर नेऊन ए-डॅश आणि सी-डॅश एक्सवायवर घ्या आणि मध्यावर ७० मिमी उंचीला ओ-डॅश घ्या. बी-डॅश आणि डी-डॅश दोन्ही अक्षाच्या पायाशी एकावर एक येतात. इथली तपासणी उजव्या रकान्यात लिहा: कर्ण साधारण ५६.६ मिमी भरला पाहिजे, आणि ओए ही कडा टॉप व्ह्यूमध्ये एक्सवायला समांतर असल्यामुळे ओ-डॅश ए-डॅश हे अंतर म्हणजे कडेची खरी लांबी, साधारण ७५.५ मिमी.

यानंतर छेदप्रतल. प्रतल ज्या मुख्य प्रतलाला लंब असते, त्या व्ह्यूमध्ये ते केवळ एक सरळ रेषा म्हणून दिसते, आणि छेद दुसऱ्या व्ह्यूमध्ये दाखवावा लागतो. हे वाक्य कागदावर ठळक लिहावे, कारण सेक्शनल टॉप व्ह्यू काढायचा की सेक्शनल फ्रंट व्ह्यू, हे त्यावरूनच ठरते. आपले प्रतल व्हीपीला लंब आहे, म्हणून एक्सवायपासून ३५ मिमी उंचीवर अक्षाला छेदणारी आणि उजवीकडे ४५ अंशांनी चढणारी रेषा फ्रंट व्ह्यूमध्ये काढा. ती डाव्या कडेला जिथे छेदते तो १-डॅश, समोरच्या कडेवरचा २-डॅश, उजव्या कडेवरचा ३-डॅश आणि मागच्या कडेवरचा ४-डॅश. २-डॅश आणि ४-डॅश अक्षावरच एकत्र आहेत. छेदप्रतल जितक्या कडांना कापते तितकेच बिंदू हवेत, आणि इथे पायाची एकही बाजू कापली गेलेली नाही, म्हणून ते चार आहेत.

आता १ आणि ३ खाली आणणे सोपे आहे. १-डॅशमधून प्रोजेक्टर सोडला की तो ओए या रेषेला छेदतो, ३-डॅशचा ओसीला. हे बिंदू ओपासून डावीकडे सुमारे २३.७ मिमीवर आणि उजवीकडे सुमारे १०.१ मिमीवर येतात. अडचण २ आणि ४ ची आहे, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. २-डॅशमधून प्रोजेक्टर सोडला तर तो खाली ओबी या कडेवरूनच जातो. दोन रेषा एकमेकींवर पडल्या की छेदनबिंदू मिळत नाही. अशा वेळी अंदाजाने बिंदू टाकला जातो, किंवा फ्रंट व्ह्यूमधली ३५ मिमी उंची तशीच टॉप व्ह्यूमध्ये ओपासून मोजली जाते. टॉप व्ह्यूमध्ये उंची दिसतच नाही, त्यामुळे हे दुसरे माप पूर्णपणे चुकीचे असते.

इथे बिंदूला त्याच उंचीवरून आडवे सरकवून प्रोजेक्टर चालेल अशा दुसऱ्या कडेवर न्यायचे. २-डॅशमधून एक्सवायला समांतर रेषा काढा, ती ओ-डॅश सी-डॅश या कडेला पी-डॅशमध्ये छेदेल. पी-डॅशमधून प्रोजेक्टर खाली ओसीवर आणा आणि पी मिळवा. ओ हा केंद्र आणि ओपी ही त्रिज्या घेऊन कंपासने कंस फिरवा, तो ओबीला २ मध्ये आणि ओडीला ४ मध्ये छेदेल. हे चालते, कारण पायाला समांतर कापलेला नियमित पिरॅमिड लहान चौरसच देतो आणि त्या चौरसाचे चारही कोपरे अक्षापासून सारख्या अंतरावर असतात. कंसाची त्रिज्या १४.१ मिमी यावी: बिंदू अक्षाच्या अर्ध्या उंचीवर आहे, म्हणून तिथला अर्धा कर्णही पायाच्या अर्ध्या कर्णाच्या निम्मा. मात्र बिंदू कोणत्या उंचीवर येईल हे प्रश्नावर अवलंबून आहे, त्यामुळे कागदावर कंसाची रीत लिहा, १४.१ हा आकडा फक्त तपासणीच्या रकान्यात ठेवा.

ही रीत नेमकी केव्हा लागते, हेही त्याच ओळीत यायला हवे. टॉप व्ह्यूमध्ये एखादी कडा एक्सवायला लंब असेल तेव्हाच ती लागते. पायाची एक बाजू व्हीपीला समांतर ठेवलेल्या चौरस पिरॅमिडमध्ये अशी कडा नसते, आणि तिथे चारही बिंदू सरळ प्रोजेक्टरने मिळतात. शंकूच्या अगदी समोरच्या आणि अगदी मागच्या जनरेटरवर मात्र हाच प्रसंग येतो आणि हाच उपाय चालतो.

बिंदू जोडताना एकच नियम पाळावा: दोन बिंदू एकाच पृष्ठभागावर असतील तरच जोडायचे. १ आणि २ ओएबी या पृष्ठभागावर आहेत, म्हणून जोडा. २-३, ३-४ आणि ४-१ यांचेही तसेच. १ आणि ३ एकाही पृष्ठभागावर एकत्र नाहीत, म्हणून त्यांच्यात रेषा नाही. हा नियम लिहिलेला असला की बिंदूंच्या क्रमाविषयी संभ्रम राहत नाही. छेद पतंगासारखा चौकोन दिसतो.

मग गडद करणे. वरचा भाग काढून टाकला असे आपण मानतो, म्हणून टॉप व्ह्यूमध्ये ओ ते १, ओ ते २ असे कडांचे तुकडे फिकटच राहतात, आणि ए ते १, बी ते २, सी ते ३, डी ते ४ हे गडद होतात. पायाच्या चारही बाजू गडद. ए ते १ हा तुकडा जेमतेम साडेचार मिमीचा आहे, तो विसरू नका. फ्रंट व्ह्यूमध्ये छेदरेषेच्या वरचा भाग फिकट ठेवा आणि तिथे हॅचिंग करू नका, कारण तिथे कापलेला पृष्ठभाग रेषेइतकाच दिसतो. हॅचिंग फक्त १-२-३-४ च्या आत, बारीक, सारख्या अंतराच्या आणि आकृतीच्या सममिती अक्षाशी ४५ अंश करणाऱ्या रेषांनी.

ट्रू शेपसाठी फ्रंट व्ह्यूमधल्या छेदरेषेला समांतर अशी एक्स१वाय१ रेषा थोडे अंतर सोडून काढा. चारही डॅश बिंदूंमधून तिच्यावर लंब टाका. त्या लंबांवर एक्स१वाय१ पासूनची अंतरे टॉप व्ह्यूमधून घ्यायची, आणि ती एक्सवायपासून मोजायची: १ आणि ३ साठी ४५ मिमी, २ साठी साधारण ५९.१, ४ साठी ३०.९. ही अंतरे फ्रंट व्ह्यूमधून उचलणे ही इथली नेहमीची चूक आहे. आपल्या छेदाच्या लांबीचा कल एचपीशी असल्यामुळे टॉप व्ह्यूमध्ये ती आखडून सुमारे ३३.८ मिमी दिसली होती. ट्रू शेपमध्ये ती १-डॅश ते ३-डॅश एवढी, म्हणजे ४७.८ च्या आसपास भरली पाहिजे. रुंदी एचपीला समांतर आहे, म्हणून ती दोन्हीकडे २८.३ च राहते. लांबी वाढली आणि रुंदी तशीच राहिली, तर काम बरोबर आहे. रुंदीही वाढली असेल तर अंतरे चुकीच्या व्ह्यूमधून घेतली आहेत. इथे पतंगाचा अक्षच कागदावर ४५ अंशांनी तिरपा आहे, म्हणून हॅचिंगच्या रेषा कागदाच्या कडेशी आडव्या किंवा उभ्या येतील. सवयीने सेटस्क्वेअर लावून ४५ अंशांच्या काढल्या, तर त्या अक्षाला समांतर किंवा लंब पडतात.

हा कागद बंद करून हाच प्रश्न एक माप बदलून काढून पाहा: छेदप्रतल अक्षाला पायापासून २५ मिमीवर छेदू द्या, कोन ४५ अंशच. आता छेदरेषा डाव्या कडेला गाठण्याआधीच, अक्षापासून २५ मिमीवर एक्सवायला टेकते, म्हणजे पायाच एबी आणि एडी या बाजूंवर कापला जातो. या दोन बिंदूंसाठी कंस लागत नाही, प्रोजेक्टर सरळ त्या बाजूंवर आणायचा. ते एकमेकांपासून सुमारे साडेसहा मिमीवर येतात, आणि पाया हाही एक पृष्ठभागच असल्यामुळे एकमेकांना जोडले जातात. छेद पंचकोनी होतो. ए हा कोपरा आणि ओए ही पूर्ण कडा काढून टाकलेल्या भागात जाते, म्हणून टॉप व्ह्यूमध्ये त्या कोपऱ्याशी एकही गडद रेषा राहत नाही. ओबी आणि ओडी या कडांवरच्या बिंदूंसाठी कंस मात्र पुन्हा लागेल, आणि त्याची त्रिज्या या वेळी १८.२ मिमीच्या आसपास यावी.