F_z ≠ 0 ही अट नेमकी काय करते? z³ − xz − y = 0 या पृष्ठाच्या निमित्ताने

प्रश्न: अव्यक्त समीकरण दिले की आम्ही z_x = −F_x/F_z हे सूत्र लावून मोकळे होतो. पण z हे x आणि y यांचे फलन आहे, हे मुळात कशावरून? पुस्तकात फक्त "F_z ≠ 0 असल्यास" एवढेच लिहिले आहे. समजा z³ − xz − y = 0 हे समीकरण आहे आणि x = 3, y = 2 घेतले, तर z मिळेल याची खात्री कशी द्यायची? आणि F_z शून्य आला, तर z काढताच येत नाही असे समजायचे का?

उत्तर: सूत्राची सिद्धता पाहिली तर तिच्यात एक गृहीतक गुपचूप येऊन बसलेले असते. z = z(x, y) असे अवकलनक्षम फलन आहे असे आपण आधीच धरतो, ते समीकरणात ठेवतो आणि मग साखळी नियमाने अवकलन करतो. म्हणजे असे फलन असेल, तर त्याचे अवकलज काय असतील एवढेच सूत्र सांगते; ते आहे की नाही याबद्दल ते काहीच बोलत नाही. x² + y² + z² + 1 = 0 या समीकरणाचे अवकलन केले तर z_x = −x/z असे अगदी व्यवस्थित दिसणारे उत्तर येते, मात्र या समीकरणाचे समाधान करणारा एकही वास्तव बिंदू नाही. अवकलनाची क्रिया बिनचूक झाली म्हणून अवकलज अस्तित्वात आला, असे होत नाही.

आता आपले समीकरण घेऊ. F(x, y, z) = z³ − xz − y मानून z ला x आणि y यांचे फलन धरले आणि x च्या संदर्भात अवकलन केले, तर

3z²·z_x − z − x·z_x = 0

असे मिळते. यातील शेवटच्या दोन पदांकडे लक्ष द्यावे, कारण xz हा गुणाकार आहे आणि विद्यार्थी z_x चे पद विसरतात ते बहुधा येथेच. यावरून z_x = z/(3z² − x), आणि त्याच रीतीने z_y = 1/(3z² − x). दोन्हींच्या छेदस्थानी F_z = 3z² − x आहे, त्यामुळे अट आपोआप डोळ्यांसमोर येते. परंतु "शून्याने भागता येत नाही" एवढाच तिचा अर्थ नाही.

आपण x = 3, y = 2 असे दोनच अंक दिले आहेत आणि प्रश्न तिथेच अपुरा राहतो. हे अंक ठेवल्यावर z³ − 3z − 2 = 0, म्हणजेच (z − 2)(z + 1)² = 0 मिळते. म्हणून या एकाच (x, y) वर पृष्ठाचे दोन बिंदू आहेत: (3, 2, 2) आणि (3, 2, −1). अव्यक्त फलनाच्या प्रमेयातील अट (x, y) या जोडीवर तपासायची नसून पृष्ठावरील तिन्ही निर्देशक दिलेल्या बिंदूवर तपासायची असते. येथे पहिल्या बिंदूवर F_z = 12 − 3 = 9 आहे, तर दुसऱ्यावर F_z = 3 − 3 = 0.

पहिल्या बिंदूवर z_x = 2/9 आणि z_y = 1/9. हे खरे आहे का, ते हाताने पाहता येते. y चे मूल्य 2 ऐवजी 2.09 केले, तर z साधारण 0.01 ने वाढून 2.01 व्हायला हवे; प्रत्यक्षात 2.01³ − 3 × 2.01 = 2.0906, म्हणजे अंदाज चांगलाच जवळ आला.

आता खात्रीचा भाग. F आणि तिचे अंशिक अवकलज संतत असतील, (a, b, c) या बिंदूवर F = 0 असेल आणि तेथे F_z ≠ 0 असेल, तर (a, b) च्या एखाद्या परिसरातील प्रत्येक (x, y) साठी c च्या जवळ z चे एक आणि एकच मूल्य मिळते, आणि असे मिळणारे फलन अवकलनक्षम असते, असे प्रमेय सांगते. (इटलीत या प्रमेयाला उलिसे दीनी या गणितज्ञाच्या नावाने ओळखतात.) यातील "एखाद्या" आणि "जवळ" हे दोन शब्द परीक्षेतील उत्तरांतून हमखास गळतात, आणि ते गळले की विधान चुकीचे होते: x = 3, y = 2 साठी z = −1 हेही मूल्य आहेच; फक्त ते 2 च्या जवळ नाही.

परिसर किती मोठा, हे प्रमेय सांगत नाही. परंतु त्याची सिद्धता आपल्या उदाहरणात अंकांनी चालवली, तर एक ठोस परिसर हाती लागतो, आणि अट नेमके काय काम करते हेही त्यातून उघड होते. z ची मर्यादा 1.5 ते 2.5 घ्या, x ची 2 ते 4 आणि y ची 1 ते 3. या खोक्यात सर्वत्र F_z = 3z² − x हे कमीत कमी 3 × 2.25 − 4 = 2.75 असते, म्हणजे धन असते. आता खोक्याचे छत पाहा. z = 2.5 असताना F = 15.625 − 2.5x − y, आणि x = 4, y = 3 या सर्वांत प्रतिकूल कोपऱ्यातही ते 2.625 भरते, म्हणून छतावर F सगळीकडे धन आहे. तळाशी z = 1.5 असताना F = 3.375 − 1.5x − y, आणि ते जास्तीत जास्त जेथे होते त्या x = 2, y = 1 या कोपऱ्यातही −0.625 आहे, म्हणून तळावर F सगळीकडे ऋण आहे.

या चौरसातील कोणताही (x, y) निवडा आणि तो स्थिर ठेवून z ला तळापासून छतापर्यंत वाढवत न्या. F ऋणापासून धनापर्यंत संततपणे जाते, तेव्हा मध्ये कोठेतरी ती शून्य झालीच पाहिजे, हे मध्यमूल्य प्रमेयावरून. आणि F_z धन असल्यामुळे F सतत वाढतच जाते, म्हणून ती दुसऱ्यांदा शून्य होऊ शकत नाही. मूल्य आहे हे पहिल्या वाक्याने सिद्ध झाले, एकच आहे हे दुसऱ्याने. F_z ≠ 0 या अटीचे खरे काम हे आहे: बिंदूवर F_z शून्य नसेल, तर सांतत्यामुळे जवळपासही तिचे चिन्ह बदलत नाही, आणि चिन्ह कायम राहिले की F त्या उभ्या रेषेवर एकदिश होते. छेदातील भागाकार हा याचा केवळ परिणाम आहे. व्याख्यानात वर्गाला मी हे खोके आधी दाखवतो आणि सूत्र नंतर, कारण उलट क्रमाने शिकवले की सूत्रच लक्षात राहते आणि अट विसरली जाते.

आपण काढलेला परिसर शक्य तेवढा मोठा आहे असे मात्र नाही. x = 3 ठेवून y कमी करत गेलो तर हीच शाखा y = −2 पर्यंत टिकते; तेथे z = 1 होतो आणि F_z 9 पासून कमी होत होत शून्यावर येते.

दुसरा बिंदू अधिक बोलका आहे. (3, 2, −1) च्या जवळ x = 3 ठेवून z = −1 + t लिहिले, तर समीकरण y = 2 − 3t² + t³ असे होते. t = 0.1 असता y = 1.971 आणि t = −0.1 असता y = 1.969, म्हणजे y हे 2 पेक्षा किंचित कमी असेल तर −1 च्या जवळ z ची दोन मूल्ये मिळतात, आणि किंचित जास्त असेल तर जवळपास एकही मिळत नाही. पृष्ठ येथे कापडाच्या घडीसारखे स्वतःवर वळलेले आहे. सूत्र वापरणाऱ्याला याची चाहूल आधीच लागते: z = −0.9 वर z_y सुमारे −1.75 आहे, z = −0.99 वर तो −16.75 च्या आसपास जातो, आणि घडीच्या पलीकडे z = −1.1 वर तो +1.59 होतो. अवकलज असा झपाट्याने वाढून चिन्ह पालटत असेल, तर आकडेमोड चुकल्याची शंका घेण्याआधी F_z पाहावे. अशा घडीचे सर्व बिंदू x = 3z², y = −2z³ येथे येतात, आणि xy-प्रतलावर त्यांची सावली 27y² = 4x³ ही टोकदार वक्ररेषा असते.

परंतु येथे पृष्ठात स्वतःमध्ये काही बिघाड नाही. (3, 2, −1) वर F_x = −z = 1 आणि F_y = −1 आहे, म्हणून तेथे स्पर्शप्रतल आहे: (x − 3) − (y − 2) = 0. त्यात z येत नाही, म्हणजे ते प्रतल z-अक्षाला समांतर, उभे आहे. अडचण फक्त z ला उरलेल्या दोन चलांचे फलन म्हणून मांडण्याची आहे. F_y ≠ 0 असल्यामुळे y साठी सोडवता येते, आणि येथे तर y = z³ − xz हे सरळ दिसतेच; F_x ≠ 0 असल्यामुळे x साठीही सोडवता येते, x = (z³ − y)/z, अर्थात z शून्यापासून दूर असेल तोवर. कोणत्या चलासाठी सोडवायचे आहे, त्याच चलाचा अंशिक अवकलज तपासायचा असतो.

आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर "नाही" असे आहे. F_z = 0 असणे म्हणजे प्रमेयाची हमी नसणे; फलन नाही अशी हमी त्यातून मिळत नाही. z³ = (x + y)³ या समीकरणात आरंभबिंदूवर F_z = 0 आहे, तरी z = x + y हे एकमेव आणि सर्वत्र अवकलनक्षम उत्तर आहे. z³ = x + y मध्येही F_z = 0 आहे; उत्तर एकमेव आणि संतत आहे, परंतु आरंभबिंदूवर अवकलनक्षम नाही. आपल्या मूळ समीकरणात आरंभबिंदूच घेतला, तर x कितीही लहान पण धन असताना y = 0 साठी 0, √x आणि −√x अशी तीन मूल्ये जवळ येऊन बसतात, म्हणजे तेथे फलन खरोखरच नाही. तिन्ही ठिकाणी F_z शून्य आहे आणि निकाल तीन वेगळे आहेत.

म्हणून F_z शून्य आला की समीकरण त्या बिंदूभोवती वर केले तसे z = c + t लिहून उलगडावे आणि t ची किती मूल्ये मिळतात ते पाहावे. F_zz शून्य नसेल आणि F_x, F_y पैकी एक तरी शून्य नसेल, तर घडीच आहे हे नक्की धरता येते; (3, 2, −1) वर F_zz = 6z = −6 आहे. तिन्ही अंशिक अवकलज शून्य असतील, जसे x² + y² − z² = 0 या शंकूच्या शिरोबिंदूवर असतात, तर प्रमेय कोणत्याच चलासाठी काही सांगत नाही आणि पृष्ठाचा आकार थेट समीकरणातूनच शोधावा लागतो.