तीन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर देताना

तुमच्या पाहुण्याने लिहिलंय, "जेवण मस्त, स्टाफ चांगला, पण वरच्या मजल्यावरच्या रूमचा एसी रात्रभर थंडच करत नव्हता." तुमच्या मसुद्यात पहिलंच वाक्य आहे, "मे महिन्यात नागपूरचं तापमान ४५ च्या आसपास जातं." भाऊ, ते काढा. ऊन सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर माणूस एसीचे पैसे देतो.

आधी त्या रूममध्ये स्वतः जा. फिल्टर धुळीने भरलाय का, गच्चीवरच्या आउटडोअर युनिटची जाळी बुजलीय का, ते पाहा. मेकॅनिकने काम केल्यावर दुपारी तीनला एसी लावून खोली खरंच गार होते का, तेही तपासा. उत्तर त्यानंतरच लिहा. "लवकरच दुरुस्त करू" वाचून पुढचा पाहुणा बुकिंग करत नाही.

मी असं लिहीन: "तुमची झोप झाली नाही, ही आमची चूक आहे. फिल्टर आणि आउटडोअर युनिट धुळीने बुजलं होतं. दोन्ही साफ करून दुपारच्या उन्हात एसी तपासला, आता खोली गार होते. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुणार आहोत. गच्ची अजून तापते, तिला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचा बाकी आहे. तोवर मे महिन्यात ती रूम शेवटी देऊ."

बाकी राहिलेलं काम लपवू नका, नाहीतर पुढचा रिव्ह्यू तुम्हाला खोटं ठरवेल. जेवणाच्या कौतुकाचे आभार शेवटी, एका ओळीत. आणि पाहुण्याचा रूम नंबर उत्तरात टाकू नका.